धागा: कमकुवत जाहिराती आपोआप पॉज करणारा नियम. ठेवावा की काढावा?

रात्रपाळी

एका ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपनीचं गूगल ॲड्स खातं नुकतंच माझ्याकडे आलंय. आधीच्या माणसाने जाताना एक नियम चालू ठेवलाय, आणि हस्तांतराच्या नोंदीत त्याबद्दल "हा खातं सांभाळतो, हात लावू नका" एवढंच लिहिलंय. नियम असा आहे:

```
Action: Pause ads
Condition: Cost > 300 AND Conversions < 1
Using data from: Last 7 days
Frequency: Daily, 6:00 AM
```

टार्गेट सीपीए १०० आहे. (चलन सोडून द्या, प्रमाण महत्त्वाचं.) म्हणजे टार्गेटच्या तिप्पट खर्च होऊनही एकही विक्री नाही, तर पॉज. ऐकायला अगदी रास्त वाटतं. खात्यात साधारण २० जाहिराती चालू असतात. चेंज हिस्टरी चाळली तर गेल्या महिन्यात या नियमाने सहा बंद केल्यात.

सहज म्हणून त्या सहा जाहिरातींचे त्याच तारखांचे आकडे आज परत काढले. एक जाहिरात ३१२ खर्च आणि शून्य कन्व्हर्जनवर बंद झाली होती. आज तेवढ्याच तारखांना तिच्यासमोर ३ कन्व्हर्जन दिसतात, म्हणजे सीपीए १०४. सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते तिला. बाकीच्यांपैकी आणखी तिघींच्या नावावर नंतर काही ना काही जमा झालंय. दोन मात्र खरंच टाकाऊ निघाल्या.

प्रश्न असा की मर्यादा ३०० वरून किती करू? ४००? ५००? की नियमच काढून टाकू? मॅनेजरला नियम आवडतो, कारण त्याची रोज सकाळी मेल येते.

झटपट

सोपं आहे. Last 7 days च्या जागी Last 30 days करा, विषय संपला. ७ दिवसांत डेटाच किती येतो? आणि रोज एकदा कशाला, तासाला एकदा चालवा. म्हणजे वाईट जाहिरात फार पैसे खायच्या आत पकडली जाईल.

माळीबुवा

माझीपण जाहिरात परवापासून बंद आहे. पॉलिसीचं काहीतरी कारण देतात. हा नियम कुठून काढायचा? मला तर असला काही नियम लावल्याचं आठवत नाही.

रात्रपाळी

माळीबुवा, तुमचं प्रकरण वेगळं दिसतंय. स्टेटसच्या रकान्यात Disapproved लिहिलंय का Paused? Disapproved असेल तर ती गूगलने नाकारलीये, त्याचा या नियमांशी संबंध नाही. जाहिरात दुरुस्त करून परत पाठवा किंवा अपील करा.

आकडेमोड

रात्रपाळी, तुम्ही जुन्या तारखा परत काढून बघितल्यात तिथेच निम्मं काम झालं. बहुतेक लोक ते बघतच नाहीत. पॉज झालेली जाहिरात "चालू" फिल्टरमधून नाहीशी होते आणि नंतर तिच्या नावावर काय जमा झालं याची चौकशी कोणी करत नाही. त्यामुळे नियम चुकला तरी कळायला मार्ग नसतो. खातं शांत दिसतं आणि सगळे म्हणतात, नियम मस्त चाललाय.

मर्यादा किती ठेवायची त्याच्या आधी एक गोष्ट तपासा. कॅम्पेनच्या तक्त्यात Segment > Conversions > Days to conversion लावा आणि क्लिकनंतर किती दिवसांनी विक्री होते ते इथे टाका. गेल्या महिन्याचं नको, त्याच्या आधीच्या दोन महिन्यांचं घ्या, म्हणजे सगळी कन्व्हर्जन जमा झालेली असतील. कोर्स घेणारा माणूस एका क्लिकमध्ये घेत नाही. घरी विचारतो, पगाराची वाट बघतो.

झटपट, तुमचं निम्मं बरोबर आहे. त्यावर नंतर येतो.

रात्रपाळी

काढलं. विक्री पहिल्या दिवसात ३५%, दोन दिवसांपर्यंत ४५%, तीन दिवसांपर्यंत ५५%, मग रोज थोडीथोडी वाढत सातव्या दिवसापर्यंत ७५%. उरलेला पाव हिस्सा त्यानंतर, पार तिसाव्या दिवसापर्यंत. कन्व्हर्जन विंडो ३० दिवसांचीच आहे.

आकडेमोड

छान. आता बघा काय होतंय. गूगल ॲड्समधला साधा Conversions रकाना विक्री ज्या दिवशी झाली त्या दिवशी लिहीत नाही, क्लिक ज्या दिवशी झाला त्या दिवशी लिहितो. खर्च मात्र लगेच दिसतो. म्हणून ताज्या तारखांना खर्च पूर्ण असतो आणि विक्री अर्धवट. तुमचा नियम या अर्धवट चित्रावर निकाल देतो, आणि तो निकाल पुन्हा तपासत नाही.

गेल्या सात दिवसांचे क्लिक घेतले तर कालच्या क्लिकची ३५% विक्री दिसत असेल, आठवड्यापूर्वीच्या क्लिकची ७५%. खर्च रोज सारखा धरला तर सरासरी ५८% च्या आसपास येते. म्हणजे जी जाहिरात अगदी टार्गेटवर चालली आहे, ३०० खर्चात शेवटी ३ विक्री देणार आहे, तिच्यासमोर नियम चालतो तेव्हा सरासरी पावणेदोनच दिसायला हव्यात.

विक्री काही घड्याळ लावून येत नाही, ती पुढेमागे होते. सरासरी ३ अपेक्षित असताना नुसत्या योगायोगाने शून्य येण्याची शक्यता ५% असते. सरासरी पावणेदोन असताना तीच १७% होते. वीस चांगल्या जाहिराती घेतल्या तर सगळी विक्री वेळेवर दिसली असती तरी एक हकनाक गेली असती. तुमच्या खात्यात उशिरामुळे तीन ते चार जातात.

आणि ही एका वेळची गोष्ट झाली. नियम रोज चालतो. आठवड्याला ३०० च्या आसपास खर्च करणारी जाहिरात महिन्यात निदान चार वेगवेगळ्या आठवड्यांच्या कसोटीतून जाते. ५% ची शक्यता चारदा घेतली की १८% च्या वर जाते. झटपट, म्हणूनच तासाला नियम चालवणं हे जास्त वेळा फासे टाकण्यासारखं आहे. पॉज एकदाच व्हावं लागतं, मग कितीही वेळा वाचली असली तरी उपयोग नाही.

झटपट

ठीक आहे, तासाचं मागे घेतो. पण ३० दिवसांचं काय चुकलं? उशिराचा प्रश्न त्यात सुटतो ना?

आकडेमोड

जुन्या जाहिरातींसाठी बराचसा सुटतो. पण रात्रपाळींची जी जाहिरात मेली ती दोन दिवसांची होती. तिच्यासाठी ७ दिवस काय नि ३० दिवस काय, डेटा दोनच दिवसांचा. आणि दोन दिवसांच्या क्लिकची सरासरी ४०% विक्रीच दिसत असते. ३ अपेक्षित, त्यातली १.२ दिसण्यासारखी. शून्य येण्याची शक्यता ३०%.

मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं. कोणत्या नव्या जाहिराती दोन दिवसांत ३०० खर्च करतात? ज्यांना गूगल स्वतःहून जास्त दाखवतंय त्या. म्हणजे हा नियम नेमका आशादायक नव्या जाहिरातींवर सर्वात कडक आहे. रखडत चालणारी, दिवसाला वीस खर्च करणारी मरतुकडी जाहिरात सात दिवसांत १४० वरच पोचते. ती त्याच्या नजरेला कधी पडतच नाही.

दुसरं, ३० दिवसांची खिडकी ठेवली की एकेकाळी चांगली असलेली आणि गेल्या दोन आठवड्यांत ढेपाळलेली जाहिरात जुन्या पुण्याईवर जगत राहते. महिनाभरात एक विक्री असली तरी Conversions < 1 खोटं ठरतं.

हो, आणि त्या < 1 कडेही बघा. तुमचं ॲट्रिब्यूशन डेटा-ड्रिव्हन असेल तर एका विक्रीचं श्रेय दोन-तीन क्लिकमध्ये वाटलं जातं. जाहिरातीच्या नावावर ०.७ असू शकतात. तिने विक्रीला हातभार लावलाय, पण ०.७ हे १ पेक्षा कमी, म्हणून पॉज.

रात्रपाळी

अरे देवा. डेटा-ड्रिव्हनच आहे. आणि बंद पडलेल्या दोघींच्या नावावर त्या वेळी ०.५ आणि ०.३३ दिसत होते! मला वाटलं नंतर जमा झाले असतील.

नीलिमा_क

माझा अनुभव सांगते, कदाचित इथे लागू नसेल. माझं छोटं ऑनलाइन दुकान आहे, जाहिराती मीच बघते. असाच नियम एका कोर्समध्ये शिकून लावला होता. मध्यंतरी साइटचं नवं डिझाइन केलं. डेव्हलपरने ऑर्डर झाल्यानंतरच्या धन्यवाद पानाचा पत्ता बदलला आणि त्यावरचा कन्व्हर्जन टॅग सुटला. ऑर्डर येत होत्या, पैसे येत होते, फक्त गूगलला कळत नव्हतं.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. मग नियमाने रोज दोन-तीन करत जाहिराती बंद करायला सुरुवात केली. रोज सकाळी मेल यायची की नियम यशस्वीरीत्या चालला, इतके बदल केले. मी "बरं झालं, साफसफाई चाललीय" म्हणून पुढे जायचे. ऑर्डर कमी झाल्यावर मला वाटलं सीझन संपला. शेवटी एका मैत्रिणीने फोन करून विचारलं, तुझं दुकान बंद केलंस का, गूगलवर दिसत नाहीयेस.

परत चालू केल्यावरही पूर्वीसारखं व्हायला खूप दिवस लागले. ते का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आकडेमोड

नीलिमाताई, लागू आहे. माझ्या मते धाग्यातला सगळ्यात मोठा धोका तुम्हीच सांगितलात. आधी मी सांगितलं ते सुट्यासुट्या जाहिराती चुकून जाण्याबद्दल होतं. टॅग तुटला की नियम सगळ्या खात्याला एका रांगेत उभं करतो, कारण त्याच्या दृष्टीने "विक्री झाली नाही" आणि "विक्रीची नोंद झाली नाही" यांत काही फरक नाही.

परत उभं राहायला वेळ का लागला असेल? टार्गेट सीपीए किंवा तसलं स्मार्ट बिडिंग असेल तर त्या दिवसांत ते शिकत होतं की या क्लिकमधून काहीच होत नाही, म्हणून त्याने बिड खाली आणल्या. टॅग दुरुस्त झाला तरी ते शिकलेलं लगेच पुसलं जात नाही. यासाठी बिड स्ट्रॅटेजीच्या ॲडव्हान्स्ड कंट्रोल्समध्ये Data exclusions आहे. त्यात तारखा दिल्या की स्मार्ट बिडिंग ते दिवस धरत नाही. मात्र तारखा क्लिकच्या द्यायच्या असतात. टॅग सोमवारी तुटला असेल तरी आदल्या आठवड्यातल्या क्लिकच्या उशिरा येणाऱ्या विक्रीही बुडालेल्या असतात. तेव्हा सुरुवात मागे न्यावी लागते.

नीलिमा_क

टार्गेट सीपीएच होतं. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. पण मग नियमाला कळायचं कसं की टॅग तुटलाय?

आकडेमोड

साध्या नियमाला कळवता येत नाही. नियमातल्या अटी ज्या जाहिरातीवर कारवाई करायची तिच्याबद्दलच्या असतात. "सगळ्या खात्यात काल विक्री झाली असेल तरच ही जाहिरात बंद कर" असं त्यात लिहिता येत नाही. त्याला स्क्रिप्ट लागते. मी पॉज करणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या `main()` मध्ये सर्वात वर हे ठेवतो:

```
const row = AdsApp.search(
  "SELECT metrics.conversions_by_conversion_date " +
  "FROM customer WHERE segments.date DURING YESTERDAY").next();
if (row.metrics.conversionsByConversionDate < 3) {
  Logger.log("विक्रीची नोंद संशयास्पद. काहीही पॉज केलं नाही.");
  return;
}
```

इथे मुद्दाम by conversion date घेतलंय. टॅग जिवंत आहे का हे बघायचं तर विक्री ज्या दिवशी झाली त्या दिवसाचा आकडा हवा. क्लिकच्या तारखेचा घेतला तर कालचा आकडा नेहमीच लहान दिसेल आणि स्क्रिप्ट रोज उगाच घाबरेल. ३ हा आकडा माझ्या खात्याचा आहे. तुमच्याकडे सर्वात मंद दिवशी किती येतात ते बघून त्याच्या खालचा घ्या.

बजेटवाला

उशिरा आलो. मी एका एजन्सीत आहे, चाळीसेक खाती बघतो. आकडेमोड यांचं गणित मान्य, पण प्रत्यक्षात ते चालवायचं कसं ते सांगा. चांगली जाहिरात चुकून जाण्याची शक्यता १% वर आणायची तर किती खर्च होऊ द्यावा लागेल?

आकडेमोड

साधारण ४.६ विक्री दिसायला हव्या होत्या आणि शून्य दिसल्या, इथपर्यंत थांबावं लागेल. रात्रपाळींच्या खात्यात ५८% दिसतात, म्हणजे ४.६ भागिले ०.५८. टार्गेटच्या आठपट.

बजेटवाला

आठपट! क्लायंटला सांगू का, की एकेका जाहिरातीवर शून्य विक्रीत आठ विक्रींचे पैसे जाऊ देणार आहे?

आणि दुसरी बाजू कोणी मांडतच नाहीये. नव्या जाहिरातींपैकी बहुतेक टाकाऊच असतात. दहा बनवल्या तर दोन चालतात. समजा टाकाऊचा खरा सीपीए टार्गेटच्या चौपट आहे. अशा आठ जाहिरातींवर प्रत्येकी ३०० च्या जागी ८०० जाऊ दिले तर ४००० जास्त गेले. कशासाठी? दोन चांगल्यांपैकी एखादी चुकून मरू नये म्हणून. नवी जाहिरात बनवायला माझ्या टीमला एक दुपार लागते. मेली तर मेली, दुसरी बनवू. मी तिप्पटवरच मारतो आणि शांत झोपतो.

आकडेमोड

नव्या जाहिराती स्वस्तात बनत असतील आणि बहुतेक वाईटच असतील, तर तुमचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. पण दोन गोष्टी. दहात दोनच चालतात हे तुम्हाला कशावरून कळलं? या नियमानेच मारून उरलेल्या दोन मोजल्या असतील तर तो आकडा नियमाने तयार केलेला आहे. आणि तिप्पटवर मारणं चाललं तरी दोन दिवसांच्या डेटावर मारणं का चालावं? खर्चाची मर्यादा तीच ठेवा, फक्त ताजे क्लिक मोजू नका.

बजेटवाला

पहिला मुद्दा खटकला, पण खोटा नाही. बघतो. दुसरा नियमाच्या स्क्रीनवर कसा करणार? तिथे तयार खिडक्या असतात.

आकडेमोड

तिथे मीही करत नाही. स्क्रिप्टमध्ये तारखा आपण देतो, तेव्हा आठवड्यापूर्वी संपणारे दोन आठवडे घेतो. त्या क्लिकची निदान ७५% विक्री आलेली असते. ताज्या सात दिवसांबद्दल माझी स्क्रिप्ट मत देत नाही. नवी जाहिरात त्या काळात वाईट निघाली तर काय, याला उत्तर एवढंच की तिला आधीच लहान बजेटच्या वेगळ्या कॅम्पेनमध्ये चालवायचं. किती बुडेल ते तिथे बजेट ठरवतं.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. `metrics.cost_micros` मध्ये खर्च दशलक्षपट येतो. ३०० ची मर्यादा त्याच्याशी थेट लावली तर पहिल्या क्लिकलाच ओलांडली जाते आणि विक्री नसलेलं सगळं बंद होतं. पहिल्यांदा Preview मध्येच चालवा. त्यात खरे बदल होत नाहीत, काय झालं असतं ते दिसतं.

मध्यरात्रीचा_ग्राहक

मेटावर काय करता? माझ्याकडे एक नियम खराब ॲड सेट पॉज करतो आणि दुसरा सुधारला की परत चालू करतो. रात्रभर दोघांचा खो-खो चालतो. सकाळी ॲक्टिव्हिटी लॉग बघितला की हसू येतं.

बजेटवाला

मेटाचे नियम कंटिन्युअस ठेवले तर साधारण अर्ध्या तासाने तपासतात, म्हणून एवढा खो-खो. लर्निंग फेजमधून बाहेर पडायला ॲड सेटला आठवड्यात ५० च्या आसपास रिझल्ट लागतात. अर्धा वेळ तो पॉजच असेल तर ते ५० होणार कधी? पॉज झाल्यावर "सुधारला" म्हणजे काय तर उशिराची विक्री जमा झाली. म्हणजे दुसरा नियम पहिल्याची चूकच दुरुस्त करतोय. पहिल्यालाच सबुरी शिकवा, दुसरा लागणार नाही.

खर्च अचानक वाढण्याबद्दल इथे कोणीच बोललं नाही, माझ्याकडे रोजचा ताप तोच आहे. रात्रपाळी, तसा काही नियम आहे का तुमच्याकडे?

रात्रपाळी

आहे! दिवसाचा खर्च बजेटच्या दीडपट झाला की मेल. आठवड्यात दोन-तीनदा येते. मॅनेजर ती उघडतसुद्धा नाहीत.

बजेटवाला

तेच. गूगलमध्ये दिवसाचं बजेट हे सरासरी असतं. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च करायची त्याला मुभा आहे, महिन्याचा हिशेब ३०.४ पटीत बसवतो. तेव्हा दीडपट ही त्याची नेहमीची चाल आहे. ज्या मर्यादेला यंत्रणा रोजच्या वागण्यात ओलांडते तिथे घंटा बांधली की लोक घंटेकडे लक्ष देणं सोडतात. मग खरा प्रसंग येतो तेव्हा ती मेलही त्या ढिगात.

खरा प्रसंग म्हणजे कसा, सांगतो. आमच्याकडे एकाने बजेट बदलताना एक शून्य जास्त टाकलं. ५०० चं ५०००. दीडपटीचा नियम वाजला का? नाही. कारण तो बजेटच्या पटीत होता आणि बजेटच दहापट झालं होतं. जुन्या बजेटच्या नऊपट खर्च झाला तरी नव्या बजेटच्या आतच. दुसऱ्या दिवशी दुपारी हिशेब बघणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं.

आकडेमोड

म्हणून तुलना बजेटशी करायचीच नाही, आधीच्या खर्चाशी करायची. तीही कालच्या नाही. मागच्या काही आठवड्यांतल्या याच वाराच्या, याच तासापर्यंतच्या सरासरीशी. गूगलची Account Anomaly Detector नावाची तयार स्क्रिप्ट हेच करते, आणि आकडे तीन तास मागे असतात हे धरून चालते. ते तीन तास लक्षात ठेवा. कुठलाही नियम तुमचा चालू क्षण बघत नाही. तो वाजतो तोवर काही तासांचा खर्च झालेलाच असतो.

आणि इशारा आला की पहिला प्रश्न, क्लिक वाढले की एका क्लिकचा भाव वाढला? भाव वाढला असेल तर बिडिंगकडे किंवा स्पर्धकाकडे बघा. क्लिक वाढले असतील तर सर्च टर्म आणि प्लेसमेंट बघा. दोन्ही थोडं थोडं वाढलं असेल तर चेंज हिस्टरी उघडा, तिथे कोणीतरी काहीतरी केलेलं असतं.

झटपट

मग खर्च वाढला की थेट पॉजच का नको करायला? मेल वाचायला माणूस जागा नसेल तर?

नीलिमा_क

सेलच्या दिवशी खर्च दुपटीने वाढतो हो. तोच वर्षातला चांगला दिवस असतो. त्या दिवशी सकाळी अकराला दुकान बंद झालं तर?

बजेटवाला

ताई बरोबर बोलतात, पण झटपट पण अगदीच चूक नाहीत. चाळीस खात्यांना रात्री माणूस नसतो. मी दोन पायऱ्या ठेवल्यात. त्या वाराच्या नेहमीच्या खर्चाच्या अडीचपट झाला की मेल, चौपट झाला की कॅम्पेन पॉज आणि फोनवर मेसेज. सेलच्या आदल्या दिवशी दुसरी पायरी हाताने बंद करतो, आणि ती परत चालू करायची आठवण कॅलेंडरमध्ये टाकतो. चौपट हा आकडा कुठून आला विचाराल तर सांगता येणार नाही. चुकीने लागण्याचा प्रसंग अजून आला नाही एवढंच.

आकडेमोड

माझा यावर मतभेद आहे. पॉज करण्यापेक्षा खात्याला मासिक मर्यादा घाला, बजेट बदलायचा अधिकार कमी लोकांना द्या. शून्य जास्त टाकणाऱ्याला तिथेच अडवायला हवं. पण चाळीस खाती मी सांभाळत नाही, तेव्हा फार ताणत नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. आत्तापुरतं असं केलंय: पॉजच्या नियमाची कारवाई Send email करून ठेवली, अट तीच. दीडपटीची मेल काढली. महिनाभर रोज सकाळी नियमाने ज्यांची नावं दिली असती त्या जाहिराती एका शीटमध्ये लिहीन, आणि तीस दिवसांनी प्रत्येकीसमोर खरा आकडा टाकीन. मग मॅनेजरशी बोलेन.

एक शंका राहिलीच. बंद पडलेल्या सहांपैकी ज्या ठीक निघाल्या त्या परत चालू करू, का त्यांच्या प्रती काढून नव्याने सुरू करू?

बजेटवाला

प्रती काढा, स्वच्छ सुरुवात.

आकडेमोड

प्रती नको. जुनीच चालू करा, तिचा इतिहास राहतो. आणि सगळ्या एका दिवशी नको, नाहीतर पुढच्या आठवड्यात खर्च का वाढला याचा शोध घेत बसाल.

बजेटवाला

यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. :)

माळीबुवा

Disapproved च होतं. जाहिरातीत फोन नंबर टाकला होता म्हणून. आता चालू झाली. हे नियम मात्र मी अजिबात लावणार नाही.